बेरीज जुळली, तरी उत्तर चुकलं: मदर लिकर नेमकं कुठे मोजायचं?

वाचकाचा प्रश्न: मी केमिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एक गणित असं आहे: पोटॅशियम नायट्रेटचं २० टक्के द्रावण ताशी १००० किलो येतं. इव्हॅपोरेटरमध्ये ते ५० टक्के होतं, क्रिस्टलायझरमध्ये २० अंश सेल्सिअसपर्यंत थंड होतं आणि पुढे फिल्टरवर जातं. ओल्या केकमध्ये वजनाने ९५ टक्के स्फटिक आणि ५ टक्के चिकटलेलं मदर लिकर, म्हणजे स्फटिक पडल्यावर उरलेलं द्रावण, असतं. मदर लिकर २४ टक्के क्षाराचं आहे आणि फिल्टरमधून निघालेलं सगळं परत फीडमध्ये मिसळतं. माझं उत्तर आलं केक १४४ किलो, वाफ ६०० किलो, मदर लिकर २५६ किलो. बेरीज बरोबर १०००. माझ्या मित्राने ते २५६ किलो फीडमध्ये मिळवून पुन्हा सोडवलं. त्याचं आलं १८८.३, ७३३.१ आणि ३३४.६. बेरीज १२५६, म्हणजे तीही जुळते. छापील उत्तर मात्र २०७.९ किलो केक आहे. दोघांचंही मास बॅलन्स जुळत असेल तर चूक कशी पकडायची? परीक्षेत तर उत्तर छापलेलं नसतं.

उत्तर:

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: बेरीज जुळली की मास बॅलन्स जुळला. आधी तिथेच थांबू. बेरीज जुळते ती कुठल्यातरी सीमेभोवती. तुमचे आकडे एका सीमेसाठी खरंच जुळतात, पण ती सीमा गणितातल्या प्लांटची नाही. मदर लिकर गटारात सोडून देणाऱ्या प्लांटची ती सीमा आहे.

हे डोळ्यांनी पाहण्यासाठी फ्लोशीटवर पेन्सिलने सगळ्या प्लांटभोवती एक बंद रेघ काढा. मिक्सिंगची जागा, इव्हॅपोरेटर, क्रिस्टलायझर, फिल्टर आणि परत येणारी पाइपलाइन, सगळं त्या रेघेच्या आत. आता रेघेला कापून जाणारे पाइप मोजा. ते तीनच आहेत: ताजं फीड आत येतं, वाफ बाहेर जाते, केक बाहेर जातो. मदर लिकरचा पाइप रेघेला कुठेच कापत नाही. तो आत सुरू होतो आणि आतच संपतो. तरीही तुम्ही तो 'बाहेर' या रकान्यात लिहिला आणि त्यामुळेच बेरीज जुळली.

तो आकडा रकान्यातून खोडला की आत १००० आणि बाहेर १४४ + ६०० म्हणजे ७४४ उरतात. फरक २५६ किलो. या २५६ चा अर्थ असा की तुमच्या उत्तराप्रमाणे प्लांट चालला तर दर तासाला २५६ किलो द्रव आत साठत जाईल, दिवसाला सहा टनांहून जास्त. स्टेडी स्टेटमध्ये, म्हणजे प्लांट एकसारखा चालत असताना, असं होऊ शकत नाही. आणखी एक गोष्ट बघा: फरक नेमका तुम्ही काढलेल्या मदर लिकरएवढा आहे. न जुळणारा आकडा फ्लोशीटवरच्या एखाद्या प्रवाहाएवढाच भरला, तर चूक बहुतेक त्याच प्रवाहात असते. या खुणेकडे आपण पुन्हा येऊ.

तुमच्या मित्राची चूक जरा वेगळी आहे, आणि खरं तर तो बरोबर रस्त्यावर होता. त्याने रिसायकल २५६ धरलं आणि सोडवल्यावर ते ३३४.६ आलं. एकच पाइप, पण मिक्सिंगला पोहोचताना २५६ आणि फिल्टरमधून निघताना ३३४.६. त्याने एक आकडा 'आत' लिहिला, दुसरा 'बाहेर' लिहिला आणि बेरीज जुळली. रेघेची परीक्षा लावली तर आत १०००, बाहेर १८८.३ + ७३३.१ म्हणजे ९२१.४. फरक ७८.६. हाच ३३४.६ आणि २५६ मधला फरक. म्हणजे इथेही न जुळणाऱ्या आकड्याने स्वतःची ओळख सांगितली.

त्याने थांबायला नको होतं, एवढंच. ३३४.६ पुन्हा फीडमध्ये घालून सोडवलं तर पुढचा आकडा ३५८.७ येतो, मग ३६६.१, मग ३६८.४, मग ३६९.१. दर फेरीला उरलेली चूक आधीच्या सुमारे ०.३१ पट होते आणि आकडा ३६९.४ वर येऊन स्थिरावतो. त्या क्षणी पाइपच्या दोन्ही टोकांना एकच आकडा असतो. अशा फेऱ्यांची पद्धत चुकीची नाही. पण फेऱ्या कधी थांबवायच्या याची कसोटी 'बेरीज जुळली' ही असता कामा नये. प्रत्येक फेरीत बेरीज जुळतेच. कसोटी ही की गृहीत धरलेलं रिसायकल आणि निघालेलं रिसायकल यांचा एकूण प्रवाह आणि त्यातला क्षार, दोन्ही एकच आले पाहिजेत.

आता फेऱ्या न घालता सोडवू, कारण परीक्षेत वेळ कमी असतो आणि हे गणित सरळ सुटतं. पहिला बॅलन्स संपूर्ण प्लांटच्या रेघेभोवती घ्यायचा, कारण तिथे रिसायकल येतच नाही. केकमध्ये क्षार किती? शंभर किलो केकमध्ये ९५ किलो स्फटिक आणि पाच किलो मदर लिकर. त्या पाच किलोंत २४ टक्के क्षार म्हणजे १.२ किलो. म्हणून केकमध्ये एकूण ९६.२ टक्के क्षार आणि ३.८ टक्के पाणी. वाफेबरोबर क्षार जात नाही, त्यामुळे फीडमधले २०० किलो क्षार केकमधूनच बाहेर पडले पाहिजेत. २०० भागिले ०.९६२ म्हणजे २०७.९ किलो केक. त्यातून ७.९ किलो पाणी जातं, उरलेलं ७९२.१ किलो पाणी वाफ होतं. इथे रिसायकलचा आकडा लागलाच नाही.

रिसायकल काढायला दुसरी रेघ क्रिस्टलायझर आणि फिल्टर यांच्याभोवती काढा. आत येतं ५० टक्क्यांचं दाट द्रावण, बाहेर जातात केक आणि परत जाणारं मदर लिकर. दाट द्रावण म्हणजे केक अधिक रिसायकल. क्षाराचा बॅलन्स मांडला की रिसायकल आणि केक यांचं गुणोत्तर मिळतं:

```
रिसायकल / केक = (०.९६२ − ०.५०) / (०.५० − ०.२४) = ०.४६२ / ०.२६ = १.७७७
```

२०७.९ ला १.७७७ ने गुणलं की ३६९.४. आता प्रत्येक प्रवाह क्षार आणि पाणी अशा दोन भागांत लिहून ठेवा, ताशी किलोमध्ये:

| प्रवाह | एकूण | क्षार | पाणी |
|---|---|---|---|
| ताजं फीड | १००० | २०० | ८०० |
| रिसायकल | ३६९.४ | ८८.७ | २८०.८ |
| मिसळलेलं फीड | १३६९.४ | २८८.७ | १०८०.८ |
| वाफ | ७९२.१ | ० | ७९२.१ |
| दाट द्रावण | ५७७.३ | २८८.७ | २८८.७ |
| केक | २०७.९ | २०० | ७.९ |

या तक्त्याचा खरा फायदा असा की प्रत्येक प्रवाह इथे एकदाच लिहिला जातो. पुढे कुठल्याही यंत्राभोवती रेघ काढली तरी आकडे याच तक्त्यातून उचलायचे, नव्याने काढायचे नाहीत. एकच प्रवाह दोन ठिकाणी दोन वेगळ्या आकड्यांनी वावरतो तो बहुतेक वेळा याच कारणाने: तो दोनदा काढलेला असतो.

आता दोनदा मोजण्याचा सगळ्यात चोरटा प्रकार याच गणितात लपलेला आहे, तो दाखवतो. तुमच्या उत्तरात तो नव्हता, पण उत्तरपत्रिकांत तो पुष्कळदा दिसतो. क्रिस्टलायझरमधून निघणाऱ्या स्लरीत किती स्फटिक आणि किती मदर लिकर आहे, हे कोणी काढायला बसतो. स्फटिक म्हणजे केकचे ९५ टक्के, १९७.५ किलो. मग स्लरीतलं मदर लिकर म्हणजे ५७७.३ वजा १९७.५, ३७९.८ किलो. इथपर्यंत सगळं बरोबर. मग तो म्हणतो, मदर लिकर सगळं परत जातं, म्हणून रिसायकल ३७९.८. आणि केक? केक २०७.९.

फिल्टरचा बॅलन्स तपासा: आत ५७७.३, बाहेर २०७.९ + ३७९.८ म्हणजे ५८७.७. बाहेर १०.४ किलो जास्त. आता २०७.९ चे पाच टक्के काढा. तेही १०.४. केकला चिकटलेलं मदर लिकर एकदा केकमध्ये मोजलं आणि पुन्हा रिसायकलमध्ये मोजलं. फरक किती आहे एवढंच पाहिलं तरी कुठला प्रवाह दोनदा आला ते कळतं. हाच अनुभव उलट बाजूनेही येतो. फरक ऋण असेल, म्हणजे बाहेर कमी पडत असेल, तर एखादा प्रवाह सुटलेला असतो आणि त्या फरकाएवढा आकडा तक्त्यात शोधायचा असतो. बॅलन्स जुळला नाही की आकडे मागेपुढे करून तो जुळवायचा मोह होतो. त्याआधी तो फरक एका कोपऱ्यात लिहा आणि तक्त्यातल्या आकड्यांशी, त्यांच्या बेरीज-वजाबाकीशी ताडून बघा. दहापैकी सात-आठ वेळा गुन्हेगार तिथेच सापडतो.

मात्र दहा किलोंचा फरक १३६९ च्या मानाने एक टक्काही नाही. 'राउंडिंगची चूक असेल' म्हणून तो सोडून द्यावासा वाटतो. राउंडिंगची चूक शेवटच्या लिहिलेल्या अंकात असते. तक्त्यात एक दशांश स्थळ ठेवलं असेल तर ०.१ किंवा ०.२ चा फरक राउंडिंगचा, १०.४ चा नाही.

तुमच्या प्रश्नाचा गाभा 'छापील उत्तर नसताना कसं ओळखायचं' हा आहे, आणि तिथे एक सावधगिरी सांगायला हवी. मी संपूर्ण प्लांटचा आणि क्रिस्टलायझर-फिल्टरचा बॅलन्स वापरून उत्तर काढलं, मिक्सिंगचा बॅलन्स वापरून मिसळलेलं फीड काढलं. आता इव्हॅपोरेटरचा बॅलन्स तपासला: १३६९.४ वजा ७९२.१ बरोबर ५७७.३. जुळला. पण तो जुळणारच होता. तिन्ही यंत्रांचे बॅलन्स मिळवले की संपूर्ण प्लांटचा बॅलन्स होतो. म्हणून चारपैकी तीन वापरले की चौथा आपोआप जुळतो. या तपासणीने बेरजेची, उतरवून घेण्याची, दशांश चिन्हाची चूक पकडली जाते. गणित चुकीच्या पद्धतीने मांडलं असेल तर ती चूक पकडली जात नाही. बरेच विद्यार्थी हा शेवटचा बॅलन्स 'पडताळा' म्हणून चौकटीत लिहितात. ते लिहायला हरकत नाही, फक्त तो कशाचा पडताळा आहे ते मनात स्पष्ट असू द्या.

मांडणी तपासायला मला सगळ्यात उपयोगी वाटते ती गोष्ट अशी: दिलेल्या माहितीतला एक आकडा बदला आणि उत्तराने कसं वागायला हवं ते आधी स्वतःला विचारा. इथे इव्हॅपोरेटरचा ५० टक्के हा आकडा ४५ करा. केक वाढेल, कमी होईल, की तेवढाच राहील? रेघेला कापणारे पाइप तेच आहेत. क्षार केकमधूनच बाहेर पडणार. केकची रचना मदर लिकरवर अवलंबून आहे, इव्हॅपोरेटरवर नाही. म्हणून केक २०७.९ च राहिला पाहिजे. बदलायला हवं ते रिसायकल, आणि ते वाढायला हवं, कारण एका फेरीत कमी स्फटिक पडणार. आकडा घालून पाहा: ०.५१२ भागिले ०.२१ म्हणजे २.४४, त्यामुळे रिसायकल सुमारे ५०७ किलो. वाढलं.

हीच परीक्षा तुमच्या पहिल्या उत्तराला लावा. ४५ टक्क्यांना तुमच्या पद्धतीने केक १४४ वरून १२९ किलोवर येतो. तुमच्या मांडणीत इव्हॅपोरेटर किती दाट करतो यावर तयार माल ठरतो, आणि मदर लिकर परत येणाऱ्या प्लांटमध्ये ते शक्य नाही. छापील उत्तराशिवाय, दोन मिनिटांत, रिसायकल विसरल्याचं कळलं. आणखी पुढे जाऊन आकडा २४ टक्क्यांजवळ आणा. मदर लिकर इतकंच दाट द्रावण आलं तर २० अंशाला त्यातून एकही स्फटिक पडणार नाही. रिसायकलच्या सूत्रात छेद शून्याकडे जातो आणि रिसायकल अमर्याद वाढतं. तसंच व्हायला हवं. टोकाला नेल्यावर सूत्र वेडंवाकडं वागलं, ऋण आकडा आला किंवा काहीच बदललं नाही, तर मांडणी पुन्हा बघा.

तुमच्या १४४ बद्दल आणखी एक सांगायचं आहे, कारण ते उत्तर निरर्थक नाही. तुमच्या केकमध्ये १३८.६ किलो क्षार आहे, म्हणजे फीडमधल्या क्षाराचा ६९.३ टक्के. आता बरोबर उत्तरात इव्हॅपोरेटरमध्ये शिरणारा क्षार २८८.७ आणि केकमधून जाणारा २००. हे गुणोत्तरही ६९.३ टक्के. योगायोग नाही. एका फेरीत किती क्षार केकमध्ये जाईल हे ५०, २४ आणि ९६.२ या तीन टक्केवारींनी ठरतं, किती फीड घातलं याने नाही. तुम्ही एका फेरीचा उतारा बरोबर काढला आणि तो संपूर्ण प्लांटचा उतारा समजलात. एका फेरीचा ६९.३ टक्के, संपूर्ण प्लांटचा १०० टक्के. रिसायकल असलेल्या कुठल्याही गणितात हे दोन आकडे वेगवेगळे लिहून काढा. ते दोन्ही सारखे आले तर रिसायकल कुठेतरी गळलं आहे.

रासायनिक क्रिया असलेल्या गणितात हाच फरक जास्त टोचतो. अमोनिया संश्लेषणात नायट्रोजन आणि हायड्रोजन एका फेरीत थोडेच रूपांतरित होतात, उरलेला वायू परत येतो. समजा एका फेरीतलं रूपांतर २० टक्के दिलं आहे आणि ताज्या वायूचे १०० मोल आहेत, त्यात २५ नायट्रोजन आणि ७५ हायड्रोजन. २० टक्के थेट ताज्या वायूला लावलं तर अमोनिया १० मोल येतो. सगळा न वापरलेला वायू परत येत असेल आणि त्यातला काहीच बाहेर काढला जात नसेल तर अमोनिया ५० मोल असायला हवा. इथे मोलांची बेरीज आत-बाहेर जुळतही नाही, कारण चार मोलांचे दोन होतात. त्यामुळे 'मोल जुळत नाहीत, पण क्रिया आहे ना' म्हणून खरी चूकही खपून जाते. अशा ठिकाणी रेघेभोवती नायट्रोजनचे अणू आणि हायड्रोजनचे अणू मोजा. ते क्रियेने बदलत नाहीत.

शेवटी एका गृहीतकाबद्दल. 'सगळं मदर लिकर परत जातं, म्हणून काहीच वाया जात नाही', हे गणितात लिहिलेलं असतं आणि आपण मान्य करतो. शुद्ध क्षारासाठी ते चालतं. पण फीडमध्ये ताशी एक किलो मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, मिसळलेलं आहे असं समजा. फक्त ०.१ टक्का. ते स्फटिकात जात नाही, वाफेत जात नाही. रेघेला कापणाऱ्या तीन पाइपांपैकी ते बाहेर कुठून पडणार? केकला चिकटलेल्या मदर लिकरमधून, फक्त १०.४ किलोंमधून. स्टेडी स्टेटला त्या १०.४ किलोंमधून ताशी एक किलो मीठ जायला हवं, म्हणजे मदर लिकरमध्ये मीठ जवळजवळ ९.६ टक्क्यांपर्यंत चढेल. फीडमध्ये ०.१, आत ९.६. एवढ्या मिठाने पोटॅशियम नायट्रेटची विद्राव्यता बदलेल, त्यामुळे २४ टक्के हा आकडाही टिकणार नाही. म्हणून हे उत्तर अंदाजाचं, पण दिशा पक्की.

आणि इथे बघा, जो विद्यार्थी चिकटलेलं १०.४ किलो मदर लिकर विसरला असेल, केक शुद्ध समजून २०० किलो धरला असेल, त्याच्या प्लांटमधून मीठ बाहेर पडायला रस्ताच नाही. त्याचा क्षाराचा बॅलन्स जुळेल, पाण्याचा जुळेल, मिठाचा कधीच जुळणार नाही. प्रत्येक घटकाचा बॅलन्स वेगळा मांडायचा तो याचसाठी. अगदी थोड्या प्रमाणातला घटक कुठला पाइप सुटला ते सांगतो.

कारखान्यात या अडचणीवर मदर लिकरचा थोडा भाग बाहेर काढतात, त्याला पर्ज म्हणतात. वरच्याच गणितात फिल्टरमधून आलेल्या मदर लिकरचा ५ टक्के पर्ज केला तर रेघेला कापणारे पाइप चार होतात. २०० किलो क्षार आता केक आणि पर्ज दोघांत वाटला जातो. फिल्टरमधून निघणारं मदर लिकर अजूनही केकच्या १.७७७ पट आहे, त्याचा ५ टक्के पर्ज, त्यात २४ टक्के क्षार. केक येतो २०३.४ किलो, पर्ज १८.१ किलो, त्यात क्षार ४.३ किलो. मीठ आता पर्ज आणि चिकटलेलं लिकर मिळून २८.२ किलोंमधून बाहेर पडतं, म्हणून ते सुमारे ३.५ टक्क्यांवर येतं. क्षाराचा २.२ टक्के तोटा सोसून मीठ जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर आलं.

पर्जच्या गणितात दोनदा मोजण्याची आणखी एक जागा तयार होते, ती मात्र लक्षात ठेवा. फिल्टरमधून निघालेलं मदर लिकर, पर्ज आणि रिसायकल हे तीन वेगळे प्रवाह आहेत. पर्ज आणि रिसायकल मिळूनच फिल्टरमधून निघालेलं मदर लिकर होतं, आणि तिघांची रचना एकच असते. तक्त्यात तिघांना स्वतंत्र ओळी द्या: ३६१.४, १८.१ आणि ३४३.३. ५ टक्के कशाचे, फिल्टरमधून निघालेल्याचे की परत गेलेल्याचे, हे प्रश्नात नीट वाचा. 'रिसायकलच्या ५ टक्के' असं लिहिलेलं असेल तर आकडा वेगळा येतो.

तुमच्या मित्राला सांगा की त्याने फेऱ्या पुढे चालू ठेवाव्यात आणि दोन्ही टोकांचा आकडा एक झाल्यावर थांबावं. तुम्ही तुमचंच गणित आता ४५ टक्के घेऊन, तक्त्यासकट, पुन्हा सोडवा. केक २०७.९ आला आणि रिसायकल ५०७ च्या आसपास आलं, तर तुमची मांडणी बरोबर आहे.